मंगलाष्टका चालू असताना कार्ड गेलं: काय वाचलं, आणि एक फ्रेम अजून अडकलीय

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ११:१०

गेली चौदा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. सांगली, मिरज, तासगाव हा आमचा पट्टा. रविवारी जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण शेवटी मला तुमची मदत हवी आहे.

मुहूर्त १२:३४ चा. माझ्या हातात निकॉन डी७५०, दोन कार्डांचा. मामेभाऊ स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात स्टुलावर उभा, त्याच्याकडे दुसरी बॉडी आणि वाइड लेन्स. अंतरपाट धरलेला, मुलीचा मामा तिच्या पाठीशी. मी मुद्दाम स्टेज सोडून खाली पहिल्या रांगेकडे आलो होतो. सकाळी गौरीहरापाशी बसलेली असताना नवरी मला म्हणाली होती, "दादा, आजीचा अक्षता टाकतानाचा एक फोटो घ्याच. बाकीचे थोडे कमी झाले तरी चालतील."

आजी नव्वदीच्या पुढच्या. प्रत्येक 'सावधान'ला सगळा मांडव तांदूळ उधळत होता, पण त्यांनी मूठ उघडलीच नव्हती. पहिल्या अष्टकापासून तेच तांदूळ धरलेले, घामानं कुंकू सुटून बोटांच्या फटीत उतरलेलं. शेवटचं 'तदेव लग्नं' सुरू झालं, गुरुजींचा आवाज चढला, आणि आजींनी हात वर केला. मी सात-आठ फ्रेम सलग मारल्या. शटर बसलं. वरच्या छोट्या पट्टीवर Err, मागच्या स्क्रीनवर "This memory card cannot be used. Card may be damaged." पहिल्या खणातलं कार्ड गेलं होतं.

पुष्कळांना वाटतं की दोन कार्डं Backup वर लावली आणि एक मेलं, तर कॅमेरा आपोआप दुसऱ्यावर चालू राहतो. माझा राहिला नाही, बसून राहिला. मी कॅमेरा बंद केला, पहिल्या खणातलं कार्ड उपसून काढलं, परत चालू केला. एकच कार्ड दिसलं की तो मुकाट्यानं त्याच्यावर लिहितो. हे मी घरी मुद्दाम दोन-तीनदा करून पाहिलेलं होतं, म्हणून हात विचार न करता तिकडे गेला. बारा-पंधरा सेकंद गेली असतील. अंतरपाट खाली आला तेव्हा मी परत स्टेजवर होतो. हार दोघांचेही मिळाले.

हार झाल्यावर गुरुजी कन्यादानाची मांडामांड करत होते, तेवढ्यात मी दुसऱ्या खणातलं कार्डही काढलं आणि दोन्ही खणांत कोरी कार्डं घातली. त्या काढलेल्या कार्डावर आता सकाळपासूनची एकुलती एक प्रत होती. तिच्यावर आणखी काही लिहिणं मला जिवावर आलं. भरलेली कार्डं मी पाकिटात उलटी, सोनेरी पट्ट्या वर करून ठेवतो. उलटं दिसलं की त्याला हात लावायचा नाही. कार्डांवर नेलपॉलिशनं नंबर घातलेत. मेलेलं कार्ड नंबर ५.

पंगतीच्या वेळी मामेभाऊ आधी जेवायला बसतो आणि मी कॉपी मारतो, नंतर तो लॅपटॉपपाशी आणि मी पानावर. ३२ जीबीचं भरलेलं कार्ड चांगल्या रीडरवर सहा-सात मिनिटांत उतरतं. एक प्रत लॅपटॉपवर, एक एसएसडीवर. निघताना एसएसडी भावाच्या खिशात, तो बाइकवर. लॅपटॉप आणि कार्डं माझ्याबरोबर गाडीत. सगळ्या प्रती एका गाडीत घालायच्या नाहीत, हा नियम मी कधीच मोडत नाही.

हिशेब असा. दुसऱ्या कार्डावर DSC_4127 पर्यंत सगळं शाबूत. त्यानंतरच्या त्या सात-आठ फ्रेम, म्हणजे आजींचा वर गेलेला हात, कुठल्याच कार्डावर दिसत नाहीत. भावाच्या कॅमेऱ्यात तो क्षण सापडला. आम्ही सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलवरच्या सेकंद-काट्याचा फोटो घेतो. रविवारी त्याचं घड्याळ माझ्यापेक्षा ३ सेकंद पुढे होतं. तेवढा फरक वजा करून नेमकी फ्रेम काढली. पण त्यात आजी डाव्या कडेला अगदी लहान, आणि अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागे. कापून काढला तर पोस्टकार्डाएवढाच निघेल.

नंबर ५ चं कार्ड लॅपटॉपला लावलं तर "You need to format the disk in drive E: before you can use it." मी Cancel केलं आणि कार्ड काढून ठेवलं. पुढे काय करू? नवरीला अजून काही बोललो नाही.

---

क्लिक_रत्नागिरी
मंगळवार, रात्री ११:४२

दादा, थोडक्यात निभावलं म्हणायचं. पण ३२ ची कार्डं आता कोण वापरतं? मी दोन्ही खणांत २५६ ची घालतो आणि दिवसभर दार उघडतच नाही. आमच्याकडे कार्ड खराब होण्यापेक्षा ते मांडवात पडून हरवलेलंच मी जास्त पाहिलंय. शिवाय कोकणातली दमट हवा, दर वेळी दार उघडलं की ओल आणि हळदीची पूड आत.

तुमच्या कार्डासाठी सोपा उपाय. विंडोज "Scan and fix" विचारतं, ते करून टाका. माझं एक कार्ड तसंच जिवंत झालं होतं.

---

हार्डडिस्कवाला_पुणे
बुधवार, सकाळी ७:०५

कृष्णाकाठ, Cancel दाबलंत हे रविवारचं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं. आता Scan and fix अजिबात करू नका. रत्नागिरीकरांचं कार्ड जिवंत झालं असेल, पण ते 'दुरुस्त' करणं म्हणजे त्याच कार्डावर लिहिणं. यादीत नोंद नसलेली जी अर्धी फाइल तुम्हाला हवी आहे, तिची जागा त्या दुरुस्तीत मोकळी समजली जाऊ शकते, किंवा ती तुकडे होऊन .CHK नावानं बाहेर पडते.

आधी एक बघा. Disk Management मध्ये कार्डाचा आकार बरोबर दिसतोय का? ३२ चं कार्ड २९ जीबीच्या पुढे काहीतरी दाखवतं, ते ठीक आहे. तसं दिसलं तर कार्डातला कंट्रोलर जिवंत आहे आणि घरी प्रयत्न करण्यात अर्थ आहे. No Media किंवा शून्य दिसलं तर थांबा. मग ते चिप उघडून वाचणाऱ्या लॅबचं काम आहे. घरी जितकं लावाल-काढाल तितकं नुकसान.

आणि कार्ड उजेडात धरून पट्ट्यांमधल्या प्लॅस्टिकच्या बारीक कडा बघा. त्यातली एखादी तुटून वाकलेली असते, मग संपर्क कधी लागतो, कधी नाही. तसं असेल तर दुसऱ्या, नव्या रीडरमध्येच लावा, कॅमेऱ्यात नको. तुटकी कड कॅमेऱ्याच्या आतली पिन वाकवते.

---

शैलजाकाकू
बुधवार, सकाळी १०:२०

छान लिहिलंय. माझाही असाच प्रश्न आहे. माझ्या लेकीचं लग्न २००८ साली झालं, फोटोग्राफरनं आल्बम आणि एक डीव्हीडी दिली होती. आता डीव्हीडी लावली की नुसती फिरत राहते. फोटोग्राफरनं दुकान बंद केलं. तीसुद्धा कार्डासारखी फॉरमॅट मागेल का? नात विचारते, आईचं लग्न दाखव म्हणून.

---

मधुरा_ठाणे
बुधवार, दुपारी १:१५

माझ्या कॅमेऱ्याला एकच खण आहे आणि दुसरी बॉडी घ्यायला अजून एक सीझन लागेल. वरचं वाचून पोटात गोळा आला. माझ्यासारखीनं काय करायचं? मोठं कार्ड की लहान?

---

हार्डडिस्कवाला_पुणे
बुधवार, दुपारी २:३०

शैलजाकाकू, डीव्हीडी कार्डासारखी फॉरमॅट मागत नाही, नुसती लावून बघितल्यानं ती बिघडत नाही, काळजी नको. मऊ सुती कापडानं पुसा, पण गोल गोल नाही. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. मग दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, शक्यतो जुन्या डेस्कटॉपच्या. जी डिस्क एका ड्राइव्हला वाचता येत नाही ती दुसऱ्याला वाचता येते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. एकदा वाचली की लगेच सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या.

मधुरा, एका खणात मोठं कार्ड म्हणजे सगळा दिवस एका खिळ्याला टांगलेला. लहान कार्डं घे आणि कार्ड भरायची वाट न बघता विधीच्या सांध्यावर बदल. हळद एक, गौरीहर ते हार एक, कन्यादान ते सप्तपदी एक. काही झालं तर एका विधीचं नुकसान होईल. रत्नागिरीकरांचं हाताळणीबद्दलचं म्हणणं खरं आहे, कार्डं हरवतात. पण त्यांच्याकडे दोन खण आहेत. म्हणून त्यांना जे चालतं ते तुला चालणार नाही.

आणि कॅमेऱ्यात एकेक फोटो डिलीट करायची सवय असेल तर सोड. मधे मधे मोकळ्या जागा झाल्या की पुढची फाइल तुकड्यांत लिहिली जाते. कार्ड गेल्यावर आम्ही फाइल शोधतो ती सलग आहे असं धरून. तुकडे झालेली जोडणं फार अवघड.

---

वऱ्हाडी_कॅमेरा
बुधवार, सायंकाळी ६:५०

भाऊ, दोन्ही खणांत रॉ लिहायची गरज काय? मी पहिल्यात रॉ, दुसऱ्यात जेपीईजी ठेवतो. कॅमेरा हळू होत नाही, दुसरं कार्ड भरत नाही. वेळ आलीच तर जेपीईजीवर आल्बम निघतो.

आणि नवरीला आजच सांगून टाका. महिनाभरानं आल्बममध्ये आजीचा फोटो नाही हे तिनं स्वतः शोधून काढणं, हे फार वाईट. मी एकदा गप्प बसलो होतो. त्या घरातलं पुढचं एकही काम मला मिळालं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

---

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री १०:०५

वऱ्हाडी भाऊ, जेपीईजीवर आल्बम निघतो हे अर्धंच पटतं. आमच्या कार्यालयांत वर पिवळे हॅलोजन, बाजूनं गुलाबी पडदे, मागे निळसर एलईडी भिंत. नवरीच्या तोंडावर तिन्ही रंग. रॉ असेल तर कातडीचा रंग परत आणता येतो, जेपीईजीत पांढरी पैठणी एकदा फुटली की फुटली. बाहेरच्या लग्नात मीही तुमच्यासारखंच करेन. सांगण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. उद्या फोन करतो.

पुणेकर सर, आकार २९.७ जीबी दिसतोय. आणि कडा बघितल्या, मधली एक तुटलेली आहे. हे कार्ड दोन महिन्यांपूर्वीच घेतलं होतं, पाकिटातून घाईनं ओढताना तुटली असणार.

---

हार्डडिस्कवाला_पुणे
बुधवार, रात्री १०:४०

मग आशा आहे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा आणि टर्मिनल एसएसडीवरच्या फोल्डरमध्ये उघडा, म्हणजे इमेज तिथेच उतरेल. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढायची. शोध नंतर त्या इमेजमध्ये घ्यायचा. कार्डाला परत हात लावायचा नाही. कार्ड मध्येच दगावलं तरी इमेज तुमच्याकडे राहते.

```
lsblk
sudo ddrescue -d -n /dev/sdb card.img card.map
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
photorec card.img
```

`lsblk` मध्ये २९.७ जीबीचं नाव कुठलं ते बघून `sdb` च्या जागी तेच घाला, इथे चूक चालत नाही. पहिली फेरी जे सहज वाचता येतं ते उचलते, दुसरी फेरी अडलेल्या जागांवर परत तीनदा जाते. PhotoRec मध्ये फाइल प्रकारांत फक्त tif आणि jpg ठेवा, NEF तो tif मध्येच धरतो, आणि शोध Whole वर घ्या. जुनी नावं मिळणार नाहीत, वेळेवरून ओळखावं लागेल.

---

कृष्णाकाठ
शुक्रवार, रात्री ९:१५

इमेज निघाली. दीड तास लागला, शेवटी ४० एमबीच्या आसपास न वाचता आलेलं राहिलं. PhotoRec नं हजारभर फाइल काढल्या. सगळ्या तपासल्या, सगळ्या दुसऱ्या कार्डावर आहेतच. आजींची एकही नाही.

नवरीला फोन केला. दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "भावाच्या कॅमेऱ्यातला तो लहान आहे तो तरी पाठवा." पाठवला.

---

हार्डडिस्कवाला_पुणे
शुक्रवार, रात्री ९:५०

थांबा, अजून संपलं नाही. PhotoRec च्या Options मध्ये "Keep corrupted files" आहे, ते मुळात No असतं. अर्धवट फाइल तो काढतो आणि टाकून देतो. Yes करून परत चालवा. अर्धवट फाइलींची नावं b नं सुरू होतील.

---

कृष्णाकाठ
शनिवार, सकाळी ८:३०

दोन मिळाल्या. एक उघडतच नाही. दुसरी उघडली, वरचा तिसरा भाग स्वच्छ आहे. आजींचा उचललेला हात दिसतो, मूठ अर्धी उघडलेली, तांदळाचे दाणे हवेत. त्याच्या खाली सगळं राखाडी. चेहरा राखाडीत गेलाय.

---

हार्डडिस्कवाला_पुणे
शनिवार, सकाळी ९:०५

कॅमेऱ्याच्या मागे दाखवायला NEF च्या पोटात एक जेपीईजी असतो, डी७५० चा पूर्ण आकाराचा. तो साधारणपणे फाइलीत आधी येतो आणि रॉ शेवटी. लिहिताना शेवट तुटला असेल तर रॉ अर्धा जातो, पण आतला जेपीईजी वाचलेला असू शकतो. हे करून बघा:

```
exiftool -b -JpgFromRaw -w _JFR.JPG b1834560.nef
```

फाइलीचं नाव तुमचं घाला. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये `>` वापरून जेपीईजी बाहेर काढू नका, जुन्या आवृत्त्यांत फाइल खराब होते. म्हणून वर -w दिलंय.

---

कृष्णाकाठ
शनिवार, सकाळी ९:४८

आला!

पूर्ण. ६०१६ × ४०१६. आजींचा चेहरा, डोळे स्टेजकडे लागलेले, ओठ किंचित उघडे, त्याही मंगलाष्टक म्हणत असाव्यात. तळहातावर कुंकवाचा लाल डाग. प्रकाश पिवळा आहे आणि सावल्यांत थोडी खरखर, पण ८ × १२ आरामात निघेल. मी आणि भाऊ दोघंही लॅपटॉपसमोर नुसते बसून राहिलो होतो.

नवरीला पाठवला. ती आजींना व्हिडिओ कॉलवर दाखवतेय.

---

मधुरा_ठाणे
शनिवार, सकाळी ११:२०

अंगावर काटा आला दादा. एक शंका मात्र राहिली. Err आल्यावर तुम्ही कॅमेरा बंद केलात, तेव्हा बफरमधल्या बाकीच्या फ्रेम गेल्या. बंद न करता नुसतं खराब कार्ड ओढून काढलं असतं, तर त्या दुसऱ्या कार्डावर उतरल्या असत्या का?

---

हार्डडिस्कवाला_पुणे
शनिवार, दुपारी १२:००

चालू कॅमेऱ्यातून, दिवा पेटलेला असताना कार्ड ओढायला मी कुणाला सांगणार नाही. त्यात चांगलं कार्डही जातं. दिवा विझेपर्यंत थांबणं एवढं नक्की करता आलं असतं.

---

वऱ्हाडी_कॅमेरा
शनिवार, दुपारी १२:३५

दिवा विझेपर्यंत थांबा म्हणता, पण अंतरपाट थांबत नाही ना सर. दहा सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो. कृष्णाकाठ दादांनी केलं तेच मी केलं असतं.

---

कृष्णाकाठ
शनिवार, दुपारी १:१०

दिवा चालू होता की विझला होता, हे मला खरंच आठवत नाही. नजर आजींवर होती. कट्ट्यावरचं एक जुनं, अधूनमधून Err देणारं कार्ड आहे माझ्याकडे, त्याच्यावर दोन्ही प्रकारे करून बघतो आणि इथे लिहितो. नंबर ५ चं कार्ड मी फेकलं नाही, कागदात गुंडाळून ठेवलंय.

पंगतीतल्या कॉपीतही आजपासून एक बदल. आतापर्यंत कार्ड ते लॅपटॉप आणि लॅपटॉप ते एसएसडी असं करायचो. पहिली प्रत चुकीची उतरली तर दुसरीही चुकीचीच होणार, हे या सगळ्या शोधाशोधीत लक्षात आलं. आता दोन्ही वेळा थेट कार्डावरूनच घेणार, आणि फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळल्याशिवाय कार्ड कोरं करणार नाही.

---

शैलजाकाकू
रविवार, सायंकाळी ५:३०

पुणेकर, तुम्ही सांगितलं तशी मधून कडेकडे पुसली. पुतण्याकडे जुना कॉम्प्युटर होता, त्यात लागली! साखरपुडा आणि हळद पूर्ण उतरली, दोन ठिकाणी ठेवली. नातीनं आईला हळद लागताना पाहिलं, तीनदा परत लावायला लावलं. मंगलाष्टकांपासून पुढचं मात्र अजून अडकतंय. आणखी एका ड्राइव्हमध्ये लावून बघू का, की तुमच्या त्या ddrescue नं डीव्हीडीही वाचता येते?